बारशाची तीन मिनिटांची फिल्म मोबाइलवर कशी बनवावी

नागपुरात मे महिन्यात घरच्या घरी बारसं असलं की हॉलमध्ये कुलर घरघरत असतो, पंचवीस-तीस माणसं असतात आणि सहा-सात जण एकाच वेळी शूट करत असतात. नंतर हाती येतात चाळीसेक क्लिप: काही आडव्या, काही उभ्या, बहुतेक लांबलचक. त्यातून तीन मिनिटांची फिल्म १५ ते २० हजारांच्या, ६ किंवा ८ जीबी रॅमच्या फोनवर आरामात होते. फिल्म बिघडते ती बहुतेक वेळा क्लिप गोळा करताना आणि आवाज हाताळताना, म्हणून या दोन कामांना वेळ द्या.

आधी ॲप ठरवू. नवशिक्यांसाठी आमची पसंती VN ला आहे. ते फुकट आहे, फिल्मवर वॉटरमार्क टाकत नाही आणि एका क्लिपवर दुसरी क्लिप ठेवू देतं. ही शेवटची सोय पुढे लागणारच आहे. इनशॉट शिकायला याहून सोपं आहे, पण फुकटच्या आवृत्तीत वॉटरमार्क येतो. जाहिरात बघितली की तो काढता येतो. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीतही वॉटरमार्क असतो. कॅपकटवर भारतात बंदी आहे. त्याच्या एपीके फाइल्स इकडेतिकडे मिळतात, त्या टाकू नका. अशा ॲपला तुमच्या सगळ्या गॅलरीची परवानगी द्यावी लागते.

आता क्लिप गोळा करू. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहरे चिखलासारखे दिसतात. नातेवाइकांना सांगा, अटॅचमध्ये जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून व्हिडिओ पाठवा. अशा रीतीने २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. आणखी एक फायदा म्हणजे फाइलचं मूळ नावही तसंच राहतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्या नावात तारीख आणि वेळ असते, त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय, हे लावायला सोपं जातं. फुल एचडीच्या एका मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी लागतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या क्लिप चार जीबीच्या घरात जातात. फोनमध्ये निदान दहा जीबी मोकळे ठेवा.

ॲप उघडायच्या आधी गॅलरीतच चाळणी लावा. सगळ्या क्लिप एकदा बघा आणि ज्यात काहीतरी घडतं आहे तेवढ्याच एका अल्बममध्ये टाका. चाळीसमधून पंधरा उरल्या तर उत्तम. सगळ्या क्लिप एकदम ॲपमध्ये ओतल्या की मध्यम फोन अडखळायला लागतो, आणि आपणही गोंधळतो.

VN मध्ये नवा प्रोजेक्ट उघडून फ्रेमचं माप १६:९ ठेवा, कारण आजी-आजोबा ही फिल्म टीव्हीवरच बघणार. उभी क्लिप आडव्या चौकटीत पूर्ण भरायला गेलात तर चित्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. कुणाचं कपाळ जातं, कुणाची हनुवटी. त्यापेक्षा ती उभीच राहू द्या आणि मागे धूसर पार्श्वभूमी लावा.

आता फिल्मचा गाभा. बारशात तो म्हणजे आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि मागच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात तो क्षण. ज्या क्लिपमध्ये हा आवाज सगळ्यांत स्वच्छ आहे ती शोधा. ती बहुधा पाळण्याजवळ उभ्या असलेल्या कुणाच्यातरी फोनमध्ये असते. सोफ्यावरून घेतलेल्या क्लिपमध्ये कुलरच ऐकू येतो. समजा ती क्लिप ४० सेकंदांची आहे. ती मुख्य पट्टीवर टाका आणि मध्ये कुठेही कापू नका. मग तिच्या वरच्या पट्टीवर दुसऱ्या फोनमधले तीन-तीन सेकंदांचे तुकडे ठेवा: आईचा चेहरा, हसणारी आजी, पाळण्याची दोरी धरलेला हात. प्रत्येक तुकडा पूर्ण चौकटीभर मोठा करा आणि त्याचा आवाज शून्यावर आणा. चित्रं बदलत राहतात आणि आवाज एकसंध वाहतो, त्यामुळे बघणाऱ्याला जोड जाणवत नाही. फक्त ‘कुर्र’ आणि नाव घेतानाची चार-पाच सेकंदं मूळ चित्रच दिसू द्या, नाहीतर ओठ आणि आवाज जुळणार नाहीत.

हीच रीत बाकीच्या भागांना लावा. सुरुवातीला सजवलेला पाळणा आणि पाहुण्यांचं येणं यांना ४० सेकंद, पाळणा म्हणतानाच्या भागाला एक मिनिट, मग नाव, आणि शेवटी घुगऱ्या व ओटीसाठी उरलेली ४० सेकंदं. बोलणं नसलेला तुकडा तीन-चार सेकंदांपेक्षा लांब ठेवू नका.

कुलरची घरघर फारच असेल तर YouTube Create हे फुकट ॲप त्या एकाच क्लिपसाठी वापरा. त्यात पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्याची सोय आहे. तिथून क्लिप सेव्ह करून VN मध्ये आणा. मागे संगीत घालायचं असेल तर त्याचा आवाज १५ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि नाव घेताना पूर्ण बंद करा. यूट्यूबवर टाकायची असेल तर चित्रपटातलं गाणं नको, हक्काचा दावा येतो. यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतली धून घ्या.

लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागे-पुढे जाताना दिसला तर दोष बहुधा कमी उजेडाचा असतो. अंधाऱ्या खोलीत फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी चित्रं घेतो, आणि काही वेळा ॲपचा हिशोब चुकतो. अशा क्लिपचे लहान तुकडे करून प्रत्येकाचा आवाज वेगळा जुळवा.

नाव लिहिताना मराठी फाँट तपासा. ॲपमधल्या अनेक फाँटमध्ये देवनागरी नसते, मग जोडाक्षरं फुटतात. ‘ज्ञानेश्वरी’ लिहून बघा. ते नीट आलं तर फाँट चालेल. नसेल तर गूगल फाँट्सवरून ‘मुक्ता’ उतरवून VN मध्ये घाला.

एक्स्पोर्ट करताना १०८० पी, ३० एफपीएस आणि १० एमबीपीएस बिटरेट निवडा. तीन मिनिटांची फाइल सव्वादोनशे एमबीच्या आसपास होईल. ४के निवडून काही मिळत नाही, मूळ क्लिप फुल एचडीच आहेत. नागपूरच्या दुपारी फोन आधीच तापलेला असतो. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला आवरतो आणि टक्केवारी रेंगाळते. म्हणून हे काम रात्री किंवा पहाटे करा, कव्हर काढा, चार्जर लावू नका, आणि पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर दोष फोनचा नसून त्या जागेवरच्या क्लिपचा असतो. ६० टक्क्यांवर अडकली तर १ मिनिट ४८ सेकंदांच्या आसपासची क्लिप काढून पुन्हा घाला.

फिल्म पाठवतानाही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. आणि सगळ्यांनी बघेपर्यंत मूळ क्लिप गॅलरीतून पुसू नका: मोठ्या काकू कुठेच दिसत नाहीत, हे दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सांगणार आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडावा लागणार.