आठ ओहमच्या स्पीकरसाठी क्लास-डी अँप्लिफायरचा आउटपुट फिल्टर कसा ठरवावा

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर TPA3116D2 या चिपचा स्टिरिओ बोर्ड मागितला, तर तळहाताएवढा एक बोर्ड हातात पडतो. त्यावरचा हीटसिंक आगपेटीपेक्षा फार मोठा नसतो, आणि तरीही तो दोन खोल्या भरतील एवढा आवाज देतो. चिपशेजारी चार काळ्या चौकोनी कॉइल दिसतात. बोर्ड स्वस्त असेल तर नेमकी याच कॉइलमध्ये काटकसर केलेली असते. म्हणून या लेखात बोर्ड जोडण्यापेक्षा या कॉइल आणि त्यांच्या सोबतचे कपॅसिटर यांच्याकडे जास्त लक्ष देऊ.

आपलं उदाहरण असं: 24 व्होल्टचा पुरवठा, 8 ओहमचा स्पीकर आणि सेकंदाला 4 लाख वेळा, म्हणजे 400 किलोहर्ट्झने, स्विच होणारी चिप.

पहिली पायरी: चिप आत काय करते ते समजून घ्या

चिपमध्ये 400 किलोहर्ट्झची एक त्रिकोणी लहर सतत चालू असते आणि तिची तुलना येणाऱ्या गाण्याशी होते. गाण्याची पातळी त्रिकोणापेक्षा वर असेल तोवर आउटपुट 24 व्होल्टला चिकटलेलं, खाली गेली की शून्याला. मधला मुक्काम नाही. गाण्याची पातळी चढली की वरचा पल्स रुंद होतो, उतरली की अरुंद. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. या पल्सची सरासरी काढली की मूळ गाणं परत मिळतं, आणि ही सरासरी काढायचं काम फिल्टरचं. (क्लास-डी मधला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी नंतरचं अक्षर आलं, इतकंच.)

दुसरी पायरी: उष्णतेचा हिशेब मांडा

ट्रान्झिस्टरमध्ये किती उष्णता तयार होईल, हे त्याच्यावरचा व्होल्टेज आणि त्यातून जाणारा करंट यांच्या गुणाकारावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा असतो. व्होल्टेजही अंगावर, करंटही अंगातून. स्विच मात्र बंद असतो तेव्हा करंट शून्य, आणि चालू असतो तेव्हा त्याच्यावर उरणारा व्होल्टेज नगण्य. दोन्ही वेळा गुणाकार शून्याच्या जवळ.

आकड्यांत पाहू. 24 व्होल्टवर चालणारा जुन्या पद्धतीचा ब्रिज अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अँप्लिफायर असलेला, 8 ओहमला 25 वॅट देत असेल, तर तो पुरवठ्यातून सुमारे 38 वॅट घेतो, म्हणजे 13 वॅट उष्णता. खरी गंमत पुढे आहे. आवाज कमी करून 1 वॅटवर आणला, तरी तो साडेसात वॅट घेतो आणि साडेसहा वॅट नुसते तापण्यात जातात. घरात आपण बहुतेक वेळ या 1 वॅटच्या आसपासच ऐकत असतो.

आपल्या चिपमधल्या प्रत्येक स्विचचा रोध सुमारे 0.12 ओहम आहे. करंट एका वेळी दोन स्विचमधून जातो, म्हणजे 0.24 ओहम. 25 वॅटला स्पीकरमधून सुमारे 1.8 अँपिअर जातात, तेव्हा या रोधात पाऊण वॅट खर्च होतो. स्विच पालटताना होणारा तोटा आणि चिपचा स्वतःचा खर्च धरला तरी हिशेब दोन वॅटच्या आसपास राहतो. जाहिरातीतला ‘90 टक्के’ हा आकडा इथून येतो. पण तो मोठ्या आवाजाचा आकडा आहे. गाणं वाजत नसतानाही स्विचिंग चालूच असतं आणि त्याला अर्धा-एक वॅट लागतो, त्यामुळे 1 वॅट आवाजाला कार्यक्षमता निम्म्यावर येऊ शकते. तरीही साडेसहा वॅटच्या उष्णतेशी तुलना केली तर हा सौदा फायद्याचाच.

तिसरी पायरी: फिल्टरची वारंवारता निवडा

स्पीकरचा कोन 400 किलोहर्ट्झला हलत नाही आणि आपल्या कानाला तेवढं ऐकूही येत नाही. मग फिल्टर हवाच कशाला? कारण स्पीकरची दोन-तीन मीटरची वायर अँटेना होते. ही चिप नेहमीच्या मोडमध्ये दोन्ही टोकांना जवळजवळ एकाच वेळी पल्स देते, त्यामुळे शांततेत स्पीकरमधून फारसा करंट वाहत नाही, पण संपूर्ण वायर मात्र जमिनीच्या तुलनेत 24 व्होल्टने वर-खाली होत राहते. बोर्ड स्पीकरच्या पेटीतच बसवला आणि वायर वीतभर असेल, तर फेराइट बीडवर भागतं. एरवी भागत नाही.

फिल्टरची सीमा 20 किलोहर्ट्झच्या बरीच वर हवी, म्हणजे गाण्याला धक्का लागणार नाही, आणि 400 च्या बरीच खाली हवी. 60 किलोहर्ट्झ ही बरी जागा. एक कॉइल आणि एक कपॅसिटर असलेला फिल्टर सीमेच्या पलीकडे वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात दाबतो. 400 भागिले 60 म्हणजे 6.7, त्याचा वर्ग सुमारे 44. प्रत्येक वायरवरचा 24 व्होल्टचा चौकोनी पल्स साधारण पाऊण व्होल्टच्या गुळगुळीत लहरीवर येतो.

चौथी पायरी: कॉइल आणि कपॅसिटर काढा

आपली चिपही ब्रिज अँप्लिफायरच आहे. ब्रिजमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अँप्लिफायर असतो आणि दोघे उलट दिशेने ओढतात. स्पीकरचा मध्यबिंदू जागच्या जागी राहतो, म्हणून प्रत्येक बाजूला निम्माच भार दिसतो: 8 ओहमचा 4. इथे 8 घालून गणित केलं की सगळं दुपटीने चुकतं. फार जण इथेच घसरतात.

```
R = 8 / 2 = 4
L = R × √2 / (2 × π × f)
C = 1 / (2 × π × f × R × √2)
```

f म्हणजे 60,000 हर्ट्झ. उत्तर येतं L = 15 मायक्रोहेन्री आणि C = 0.47 मायक्रोफॅरड. दोन्ही बाजारात सहज मिळणारी मूल्यं. प्रत्येक बाजूला चिपच्या पायापासून कॉइल, कॉइलनंतर जमिनीकडे कपॅसिटर, आणि तिथून स्पीकर.

आता याच फिल्टरला 4 ओहमचा स्पीकर लावला तर? भार निम्मा झाला की फिल्टर मंद होतो आणि 20 किलोहर्ट्झला आवाज 2 डेसिबलपेक्षा जास्त घटतो. झांजेची धार बोथट वाटू लागते. उलट 16 ओहमचा स्पीकर लावला तर सीमेजवळ साडेतीन डेसिबलचा उंचवटा येतो. 4 ओहमसाठी वरच्याच सूत्राने 8.2 मायक्रोहेन्री आणि 1 मायक्रोफॅरड ही जवळची मूल्यं निघतात.

तयार बोर्डांवर बऱ्याचदा 10 मायक्रोहेन्री आणि 0.68 मायक्रोफॅरड दिसतात. ही तडजोड आहे. 20 किलोहर्ट्झला 8 ओहमवर अर्ध्या डेसिबलची वाढ आणि 4 ओहमवर पाऊण डेसिबलची घट. माझ्या मते एवढ्यासाठी बोर्ड उकलत बसू नये. कॉइल खरोखर 10 मायक्रोहेन्रीची आहे का, हे मात्र पाहावं, कारण ते पाचव्या पायरीवर अवलंबून आहे.

पाचवी पायरी: सुटे भाग पारखून घ्या

कॉइलवर लिहिलेलं मूल्य शून्य करंटचं असतं. करंट वाढला की गाभा संपृक्त होतो, मूल्य घसरतं आणि फिल्टर नेमका मोठ्या आवाजाला गायब होतो. आपल्या उदाहरणात स्पीकरला जास्तीत जास्त 24 भागिले 8, म्हणजे 3 अँपिअर जातात. शिवाय स्विचिंगमुळे कॉइलमध्ये शिखर ते शिखर 1 अँपिअरची त्रिकोणी लहर असते, म्हणजे वर आणखी अर्धा. 8 ओहमचा स्पीकर काही स्वरांना 6 ओहमवर उतरतो, तीही जागा सोडा. संपृक्ततेचा करंट निदान 5 अँपिअर असलेली, झाकलेली कॉइल घ्या. गाणं बंद असताना चिप थंड पण कॉइल हात लावताच चटका देत असेल, तर गाभा 400 किलोहर्ट्झसाठीचा नाही.

कपॅसिटर फिल्मचा, 63 किंवा 100 व्होल्टचा घ्यावा. शांततेतही त्याच्यावर 12 व्होल्ट डीसी बसलेले असतात. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरचं मूल्य व्होल्टेजखाली घटतं आणि गाण्याबरोबर हलत राहतं, त्यामुळे सीमाही हलते आणि विकृती येते. पल्स चिपच्या पायांवर सर्वांत तीव्र असतो, म्हणून कॉइल चिपला खेटून बसवा आणि कपॅसिटरची जमीन चिपच्या जमिनीशी आखूड, रुंद पट्टीने जोडा.

सहावी पायरी: जोडून तपासा

पुरवठा 24 व्होल्टच्या एसएमपीएसमधून घ्या. ट्रान्सफॉर्मर 18 व्होल्टचा घेतला तर डायोड-कपॅसिटरनंतर भाराविना 26 च्या वर जाऊ शकतो, आणि या चिपची मर्यादा 26 व्होल्ट आहे.

आधी स्पीकरऐवजी 8 ओहम, 50 वॅटचा वायरवाउंड रोध लावा. गाणं बंद ठेवून मीटरने मोजा: प्रत्येक टोक जमिनीच्या तुलनेत सुमारे 12 व्होल्ट, आणि दोन टोकांमध्ये केवळ काही मिलिव्होल्ट. दोन टोकांमध्ये व्होल्ट दिसला तर स्पीकर लावू नका.

स्पीकरचं कुठलंही टोक जमिनीला जोडायचं नाही, आणि डाव्या-उजव्या चॅनेलची काळी टोकं एकत्र करायची नाहीत. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची जमीन स्पीकरच्या ‘वजा’ टोकाला लावणं हा चिप घालवायचा सर्वांत जलद मार्ग. माझ्या एका बोर्डाचा शेवट असाच झाला. दोन प्रोब घ्या, दोघांची जमीन बोर्डाच्या जमिनीला लावा आणि स्कोपमध्ये एकातून दुसरं वजा करा.

स्कोप नसेल तर मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ चालेल. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर आहे आणि 400 ची दुप्पट 800. अंतर 8 किलोहर्ट्झ. गाणं लावून रेडिओ स्पीकरच्या वायरीपासून मीटरभर धरा. फिल्टर कमी पडत असेल तर खरखर किंवा बारीक शिट्टी ऐकू येते, आणि आवाज वाढवताच ती एकदम वाढली तर कॉइल संपृक्त होत आहे असं समजा. सगळं नीट असूनही थोडी शिट्टी उरलीच, तर वायर आखूड करून पीळ द्या. त्यानेही भागलं नाही तर चिपच्या AM0, AM1, AM2 या पायांची जोडणी बदलून स्विचिंगची वारंवारता सरकवता येते. हे पाय रेडिओशी होणारी टक्कर टाळण्यासाठीच दिलेले आहेत. वारंवारता वर नेली तर वरचा फिल्टर तसाच चालतो, फक्त चिप थोडी अधिक तापते.