टपरीच्या जाहिरातीत वाफ खरी दिसावी म्हणून

मित्राच्या टपरीसाठी फ्लेक्स करायचा होता, म्हणून डिसेंबरात पुण्यात मोबाईलवर कुल्हडमधल्या चहाचे फोटो काढायला बसलो. पहिली संध्याकाळ वाया गेली. चहा उकळता, पण एकाही फोटोत वाफ नाही.

उजेड समोरून पडत होता, तिथेच चुकलं होतं. वाफेला उजेड मागून लागतो आणि तिच्या पाठीमागे अंधार लागतो. दुसऱ्या दिवशी टपरीचा पिवळा बल्ब कुल्हडच्या मागे, जरा डावीकडे, फोटोत येणार नाही असा टांगला. वाफेमागे टपरीचा काळपट कोपरा घेतला, उजवीकडे रस्ता आणि आकाश. कुल्हडची पुढची बाजू काळी पडत होती, म्हणून मिठाईच्या खोक्याचं पांढरं झाकण समोर धरलं. फ्लॅश बंदच ठेवा.

आता वेळ. तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळत होता. त्यानंतर साधारण दहा ते पंचवीस मिनिटं बल्ब आणि आकाश यांचा उजेड तोलामोलाचा असतो. आधी काढलात तर बल्ब फिका दिसतो, उशीर केलात तर आकाश नुसतं काळं. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 4500च्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर फोन बल्बचा पिवळेपणा पुसून टाकतो. शटर 1/100 ठेवा. त्याहून बराच संथ ठेवला तर वाफेचे पदर मिसळून नुसतं धुकं होतं, आणि फार जलद ठेवला तर काही एलईडी बल्बांमुळे फोटोवर पट्टे उमटतात.

चहा मात्र सगळ्यात शेवटी ओता. जागा, फोकस, उजेड हे सगळं पाणी भरलेल्या कुल्हडवर ठरवून घ्या. फोकस कडेवर लॉक करा. जोरदार वाफ पहिलं अर्धं मिनिटच मिळते. मग वर साय धरते आणि वाफ मंदावते. आम्हाला आठ कुल्हडं लागली. (सात आम्हीच प्यायलो.) कोरं, कोरडं कुल्हड चहा शोषतं आणि पातळी खाली जाते, म्हणून ते आधी पाण्यात बुचकळून पुसून घ्या.

कुणीतरी मागे उदबत्ती लावायला सुचवेलच. नको. तिचा धूर निळसर, दोऱ्यासारखा वर जातो आणि रेंगाळतो. वाफ पांढरी असते आणि वीतभर वर जाऊन विरते. चहा पिणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

ओतताना कुल्हडवर आलेला ओघळ पुसू नका. हात दाखवायचा तर कुल्हड वरच्या कडेला बोटांनी धरलेलं दाखवा. गरम कुल्हड मुठीत धरून हसणारा माणूस लगेच खोटा वाटतो.

नाव आणि भाव त्या काळपट कोपऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत टाका, पण वाफेच्या वाटेत नको.