रॅमसाठी पैसे हवेत? आई-बाबांना पत्र असं लिहा

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मुलांची अशी सात-आठ पत्रं मी आतापर्यंत तपासून दिली असतील. पहिलं माझं स्वतःचं, दहावीच्या सुट्टीतलं. प्रत्येक जण कुठून तरी एकच सल्ला ऐकून येतो: "अभ्यासासाठी हवंय म्हण, जरा भावनिक लिही." अजिबात नको. 'लॅपटॉप फार हँग होतो' या वाक्याला घरात ठरलेलं उत्तर आहे: "मग जरा कमी वापर." आकडा लिहिला की हे उत्तर देता येत नाही.

तयारी थोडीच आहे. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि वही घ्या, चार्जर लावा (बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात) आणि अडकलेले अपडेट आधी उरकून टाका.

मोजणं: इथेच सगळे चुकतात

मीही चुकलो होतो. माझा लॅपटॉप सुरू व्हायला पावणेतीन मिनिटं लागायची. तेवढा एकच आकडा मी पत्रात ठणकावून लिहिला. बाबांनी पैसे दिले, रॅम ४ जीबीची ८ झाली आणि लॅपटॉप सुरू व्हायला पुन्हा पावणेतीनच मिनिटं! दुखणं रॅमचं नव्हतंच, आतल्या जुन्या हार्ड डिस्कचं होतं. तिथे एसएसडी बसवायला हवी होती. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढची दोन वर्षं साधा माऊस मागायचीही माझी हिंमत झाली नाही.

तेव्हा नुसतं 'किती वेळ लागतो' हे मोजून उपयोग नाही. रॅम कमी पडल्यामुळे किती वेळ जास्त लागतो, ते मोजायचं. त्यासाठी एकच काम दोनदा करा. आधी लॅपटॉप रीस्टार्ट करून पाच मिनिटं तसाच ठेवा आणि फक्त लागतील तेवढेच प्रोग्रॅम उघडून वेळ घ्या. मग रोज असतं तेवढं सगळं उघडा आणि तेच काम पुन्हा करा. प्रत्येक माप चार वेळा घ्या आणि पहिलं सोडून द्या, कारण प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना डिस्कवरूनच येतो आणि तो वेळ फसवा असतो. मोकळ्या लॅपटॉपवरही काम तितकंच रखडत असेल, तर रॅमचं पत्र लिहू नका.

आता पुरावा. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये Memory वर जा. तिथला '८० टक्के' पाहून उड्या मारू नका. विंडोज हाताशी असलेली रॅम वापरणारच, त्यात गैर काही नाही. खाली Committed समोर दोन आकडे असतात, त्यातला पहिला पाहा. तो तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल आणि Available दोन-तीनशे एमबीवर आलं असेल, तर प्रोग्रॅमनी मागितलेली जागा रॅममध्ये मावत नाहीये. मग विंडोज काही भाग डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ही ने-आण म्हणजेच तुमचा 'हँग'.

ती डोळ्यांनी पाहता येते. स्टार्टमध्ये हे टाइप करा:

```
resmon
```

Memory टॅबमध्ये Hard Faults/sec हा आलेख आहे. नवा प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर उसळतोच, ते धरू नका. आधीच उघडी असलेली खिडकी नुसती बदलताना तो दर वेळी उसळत असेल आणि त्याच वेळी Disk टॅबमध्ये त्या फाइलचं pagefile.sys हे नाव वर दिसत असेल, तर दोष रॅमचा. त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या. डिस्क १०० टक्के आहे पण pagefile.sys कुठेच नाही, तर दोष दुसरीकडे आहे.

आणखी एक माप बहुतेक जण टाळतात, कारण ते आपल्याविरुद्ध जाऊ शकतं: टॅब बंद करून घेतलेलं. बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार. तो त्यांनी विचारण्याआधी तुम्ही मोजलेला हवा.

खर्च

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर Slots used दिसतं, पण रिकामा स्लॉट खरंच आहे का ते लॅपटॉपच्या मॉडेलवरून कंपनीच्या साइटवर पडताळा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते. एकही स्लॉट नसेल तर विषय तिथेच संपला. रॅमचा प्रकारही जुळला पाहिजे: डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ३ किंवा ५ बसत नाही, खाचच वेगळी असते. दोन दुकानांतून लेखी भाव घ्या. रॅमचे भाव फार हलतात, म्हणून तारीख टाका. वॉरंटी चालू असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

किती मागायची? Committed चा पहिला आकडा जास्तीत जास्त जिथवर गेला, तेवढा झाकला जाईल आणि थोडी उरेल एवढीच. '१६ च घेऊ, पुढे लागेल' हा सल्ला देणारा पैसे देणार नसतो.

पत्र

एका पानात बसलं पाहिजे. 'तीर्थरूप'पासून 'शिरसाष्टांग'पर्यंतचा शाळेतला मायना घरात फक्त हसू आणतो. गेम खेळत असाल तर तेही लिहा, त्यांना माहीत असतंच. अकरावीतल्या माझ्या मामेबहिणीने २०२३ मध्ये लिहिलेलं पत्र तिला विचारून देतो:

> आई-बाबा,
>
> लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे, ती १२ करायला १,९५० रुपये हवेत.
>
> क्लास चालू असताना क्लासमधून नोट्सच्या पीडीएफवर जायला ११, १३ आणि १२ सेकंद लागतात. फक्त क्लास आणि पीडीएफ उघडे असतील तर २ सेकंद. बाकीचे टॅब बंद केले तरी ६ लागतात, कारण पायथॉनचा एडिटर क्लासमध्येच लागतो, तो बंद करता येत नाही. मंगळवारी दोन तासांत मी ३८ वेळा असं ये-जा केलं, म्हणजे सहा मिनिटांहून जास्त वेळ नुसती थांबले होते.
>
> तेव्हा लॅपटॉपला ७.१ जीबी जागा हवी होती. स्क्रीनशॉट सोबत आहे. आणखी ४ टाकली तर ८ होते, पण त्यातला थोडा भाग ग्राफिक्सला जातो, म्हणून ८ ची पट्टी मागते आहे. डिस्क एसएसडीच आहे, ती बदलायला नको.
>
> पट्टी १,७५०, बसवायचे २००. दुसऱ्या दुकानात एकूण २,२०० सांगितले. दोन्ही कागद जोडले आहेत. ओवाळणीतले ५०० मी देते.
>
> यामुळे नेट जोरात चालणार नाही आणि लॅपटॉप सुरू व्हायलाही तेवढाच वेळ लागेल. बसवल्यावर हीच मापं पुन्हा घेऊन दाखवीन.

सहा मिनिटांचे तिने 'वर्षाला इतके तास' केले नाहीत, हे मला फार आवडलं. असे गुणाकार करू नका. घरचे लगेच उलटा भागाकार करतात आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही. रॅमने काय होणार नाही ते सांगणारा शेवटचा परिच्छेदही वगळू नका. मामांनी सगळ्यात जास्त वेळ तोच वाचला. मग पत्राच्या कडेला पेनने लिहिलं: "५०० राहू दे. जीएसटीचं बिल आण."

दुकानात पैसे देण्याआधी तिथेच लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसते का ते बघा. ४ च दिसली, तर बहुधा पट्टी नीट बसलेली नसते; काढून खाचेत पुन्हा दाबायला सांगा. घरी येऊन तेच टॅब, तोच क्लास, तीच पीडीएफ उघडून पुन्हा चार मापं घ्या. तिला पहिलं सोडून २, २ आणि ३ सेकंद आले. ते तिने त्याच पत्राच्या मागे लिहून दिले.