लेंड्यांचा नमुना कसा घ्यावा आणि जंताचं औषध कोणत्या शेळीला पाजावं

खानदेशात पावसाळ्यात अख्ख्या कळपाला एकाच दिवशी जंताचं औषध पाजलं जातं. धष्टपुष्ट पाटीलाही तेवढंच आणि खंगलेल्या दुभत्या शेळीलाही तेवढंच. लेंड्या तपासून घेतल्या तर बहुतेक कळपांत थोड्याच शेळ्यांना औषधाची गरज असल्याचं दिसतं. इथे फक्त शेळ्यांचा आणि मुख्यतः रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताचा विचार केला आहे. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणूनच लेंडीतली अंडी मोजून त्याचा अंदाज चांगला येतो.

नमुना कधी घ्यावा

लेंडीबरोबर पडलेल्या अंड्यांतून ओल्या, उबदार जमिनीवर आठवड्याभरात चारा दूषित करणाऱ्या अळ्या तयार होतात. शेळीच्या पोटात गेल्यावर त्या मोठ्या होऊन अंडी घालायला आणखी साधारण तीन आठवडे लागतात. जूनच्या मध्याला पाऊस सुरू झाला, तर जुलैअखेरीस पहिला नमुना घ्यावा आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर दुसरा. वैशाखात करपलेल्या माळावर अळ्या टिकत नाहीत. तेव्हा तपासणी करायची ती पाटाच्या किंवा नदीच्या कडेचं हिरवं गवत खाणाऱ्या कळपाचीच. आधीचं औषध पाजून महिना झालेला नसेल तर थांबा, नाहीतर आकडा फसवा येतो.

लेंड्या कशा गोळा कराव्यात

सकाळी चरायला सोडण्याआधी वाड्यातच काम उरकावं. प्रत्येक शेळीचा नमुना वेगळा ठेवावा. सगळ्यांच्या लेंड्या एका पिशवीत टाकल्या तर फक्त कळपाची सरासरी कळते आणि औषध कोणाला पाजायचं हा प्रश्न तसाच राहतो.

एकाने शेळी धरावी. दुसऱ्याने पातळ रबरी हातमोजा घालून बोट पाण्याने ओलं करावं आणि गुदद्वारात अलगद फिरवावं. एका वेळी दोन-तीन लेंड्या हातात येतात. आठ-दहा लेंड्या, म्हणजे साधारण तीन ते पाच ग्रॅम, पुरे होतात. दर शेळीला हातमोजा बदलावा. लहान करडाला बोट घालू नये. त्याला धुतलेल्या गोणपाटावर उभं करून वाट पाहावी. जमिनीवरची लेंडी घ्यायचीच असेल तर ती डोळ्यांदेखत पडलेली हवी आणि मातीला न लागलेल्या वरच्याच लेंड्या उचलाव्यात. मातीत मोकळे राहणारे सूक्ष्म कृमी असतात. ते नमुन्यात शिरले तर मोजणारा गोंधळतो.

लेंड्या लहान प्लास्टिक पिशवीत भराव्यात, हवा दाबून काढावी आणि गाठ मारावी. हवा राहिली की अंडी उबायला लागतात. पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून मार्करने कानातला बिल्ला क्रमांक, तारीख, वेळ, गाभण की दुभती, आणि लेंडी घट्ट होती की पातळ, एवढं लिहावं. हगवण असलेल्या शेळीच्या नमुन्यात पाणी जास्त असल्याने आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

सगळ्यात जास्त नमुने बिघडतात ते वाटेत. डिकीत किंवा एसटीच्या खिडकीशी उन्हात ठेवलेल्या पिशवीत एका दिवसात अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात. मोजणीत अंडी कमी भरतात आणि भरपूर जंत असलेली शेळी निरोगी ठरते. बर्फ फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवावा आणि पिशव्या त्याला थेट चिकटू देऊ नयेत. त्याच दिवशी देता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस चालतं. फ्रीझरमध्ये मात्र अजिबात नको, गोठल्याने अंडी फुटतात.

काय तपासायला सांगावं

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात आधी विचारून घ्या. नुसती काचपट्टी पाहून ‘जंत आहेत’ किंवा दोन अधिक चिन्हं लिहिलेला अहवाल निवड करायला उपयोगी पडत नाही. मॅकमास्टर पद्धतीने ‘एका ग्रॅममागे अंडी’ मोजून हवीत. या पद्धतीत दिसलेलं एक अंडं सहसा ५० धरलं जातं. त्यामुळे १५० आणि २०० मधल्या फरकावर डोकं खपवू नये. धरणाच्या किंवा पाटाच्या ओलाव्यावर चराई असेल तर यकृतातल्या चपट्या कृमीसाठी तळाशी साका बसवून करायची वेगळी तपासणी मागावी. त्याची जड अंडी नेहमीच्या तपासणीत वर तरंगत नाहीत.

आकडे कसे वाचावेत

साक्रीकडचा २४ शेळ्यांचा एक कळप उदाहरणादाखल घेऊ. दहा शेळ्यांचे आकडे असे आले: ५०, १००, १५०, २००, २५०, ३००, ३५०, ६००, २४०० आणि ३६००. बेरीज ८०००, सरासरी ८००. एकत्र नमुना दिला असता तर हा ८०० एवढाच आकडा हाती आला असता आणि २४ शेळ्यांना औषध गेलं असतं. प्रत्यक्षात ६००० अंडी, म्हणजे तीन चतुर्थांश, दोनच शेळ्यांची आहेत.

ढोबळ ठोकताळा असा की ५०० च्या आत आकडा कमी, २००० च्या वर जास्त आणि मधल्यांचा निर्णय शेळी पाहून करायचा. २४०० आणि ३६०० वाल्यांना औषध द्यायचंच. ६०० वालीची खालची पापणी उजेडात ओढून पाहा. ती जुळ्यांना पाजत असेल आणि आतला रंग फिकट गुलाबी असेल तर तिलाही द्या. रंग लालबुंद असेल तर सोडा.

समजा २०० वालीची पापणी पांढरीफटक आहे. इथे आकड्यावर विसंबू नका. कोवळे जंत अंडी घालायच्या आधीपासून रक्त पितात आणि गोचिडांनीही रक्त कमी होतं. ही शेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. न तपासलेल्या १४ शेळ्यांच्याही पापण्या पाहा. फिकट असतील त्यांचे नमुने आधी द्या, पांढऱ्या असतील तर निकालाची वाट पाहू नका.

बाकीच्यांना औषध न देण्यामागे पैसे वाचवण्याएवढंच कारण नाही. औषध पाजल्यावर त्याला दाद न देणारे थोडे जंत पोटात उरतात. सगळ्या कळपाला पाजलं तर कुरणावर फक्त त्यांचीच पिल्लावळ पडते. काही शेळ्या तशाच सोडल्या तर औषधाला मरणाऱ्या जंतांची अंडीही पडत राहतात आणि दोन्हींची सरमिसळ होते.

औषधानंतर

मात्रा वजनावर द्यावी, अंदाजाने नको. शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीची मात्रा तिला पुरत नाही. तिची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या, दूध किती दिवस विकायचं नाही तेही विचारा. नुकत्याच गाभण शेळीला अल्बेंडाझोल देऊ नये.

औषध दिलेल्या शेळ्यांचे नमुने १४ दिवसांनी पुन्हा द्या. त्या दोघींची ६००० ची बेरीज १५० वर आली तर घट साडेसत्त्याण्णव टक्के, औषध चाललं. १८०० राहिली तर घट ७० टक्केच. अशा वेळी आधी वजन, पिचकारीवरचं माप आणि बाटलीची मुदत तपासा. ते सगळं ठीक असेल तर जंत त्या औषधाला दाद देत नसल्याचा संशय घ्यावा. दोन शेळ्यांवरून तो पक्का होत नाही. जास्त आकड्याच्या आणखी शेळ्यांचे औषधाआधीचे आणि नंतरचे नमुने डॉक्टरांकडे द्यावेत आणि पुढच्या वेळी निराळ्या गटातलं औषध लिहून घ्यावं. बाटलीवरचं नाव वेगळं दिसलं तरी आतला घटक तोच असू शकतो, म्हणून घटकाचं नाव वाचूनच बाटली घ्यावी.