फ्रिजमधला सांबार तिसऱ्याच दिवशी बुळबुळीत होतो? या चुका टाळा

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि कढीपत्त्याला गोडलिंब. पुण्या-मुंबईची पाहुणी आली की "सांबार आण" म्हटल्यावर डाळीचं पातेलं शोधते, तो भाग वेगळा. गावात बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. मंगळवारी आणलेली जुडी पुढच्या मंगळवारपर्यंत पुरवायची असते, मधे दुसरीकडे कुठे मिळत नाही. म्हणून ती तिसऱ्या दिवशी काळी पडून गळायला लागली की जीव हळहळतो.

नवा फ्रिज आला त्या पावसाळ्यात मी हौसेने दोन जुड्या नळाखाली स्वच्छ धुतल्या, झटकल्या आणि प्लास्टिकच्या पन्नीत गाठ मारून ठेवल्या. शुक्रवारी पन्नी सोडली तर मधली पानं एकमेकांना चिकटून हिरवा चिखल झाला होता, वासही आंबूस. शेजारच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, "काहून वो, धुतला होता काय?"

खरी चूक तीच होती. सांबाराच्या आतलं पाणी त्याला ताजं ठेवतं आणि पानावर बसलेलं पाणी त्याला सडवतं. तोडल्यावरही पानांचा श्वास चालूच असतो, त्यातून वाफ निघते. गाठ मारलेल्या पन्नीत ती वाफ जाणार कुठे? थेंब होऊन पानांवरच बसते आणि ओलीत जंतू वाढतात. उलट, जुडी उघडीच ठेवली तर फ्रिजची कोरडी हवा आतलं पाणी ओढून घेते आणि दोन दिवसांत ती माना टाकते. कागद घातलेला झाकणाचा डबा हा या दोन्हींमधला मार्ग आहे. आतली ओल बाहेर उडून जात नाही आणि वर जमलेली ओल कागद पिऊन घेतो.

पण डब्यात ठेवण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. बाजारातला सांबार बहुतेक वेळा ओलाच असतो, कारण विकणारी बाई दर अर्ध्या तासाने त्यावर पाणी शिंपडत असते. घरी आल्यावर आधी जुडीची सुतळी सोडा. सुतळीने आवळलेल्या जागी काड्या चेंगरलेल्या असतात आणि सड तिथूनच सुरू होते. मग मुळं मातीसकट कापून टाका. बोटाच्या एका पेराएवढं कापलं तरी पुरे. पिवळी पानं आणि मोडलेल्या काड्या निवडून काढा. बाकीचा सांबार सुती फडक्यावर पातळ पसरून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. एप्रिल-मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. श्रावणात तास-दीड तास लागतो, मधे एकदा उलटवावा लागतो. झालं की नाही ते घड्याळाने ठरवू नका. मूठभर उचलून अलगद सोडा. पानं सुटी सुटी पडली तर तयार, गुच्छ होऊन पडली तर अजून ओली आहेत. पानांच्या कडा वळायला लागल्या तर मात्र जास्त झालं, लगेच उचला.

डबा आतून कोरडा हवा. धुऊन नुसता पुसलेला डबा कोपऱ्यांत ओला राहतो, म्हणून तो मी सकाळीच धुऊन पालथा घालते. तळाशी कागदाची दुहेरी घडी, त्यावर सांबार न दाबता सैल, वर पुन्हा एक कागद आणि झाकण. कागद टिश्यू चालेल, नाहीतर जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं. वर्तमानपत्र ओलं झालं की शाई सुटते, ते थेट पानांना लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी वरचा कागद हाताला लावून पाहा. ओला लागला तर बदला, पुढे दोन-तीन दिवसांनी बदलला तरी चालतं. एवढं केलं की हिवाळ्यातला सांबार दहा-बारा दिवस जातो. पावसाळ्यातला चिखलाने माखलेला सांबार इतका टिकत नाही, त्याच्याकडून चार-पाच दिवसांपेक्षा जास्त अपेक्षा करू नका. तो आधी संपवा.

एवढं करूनही डबा बिघडला तर हात आठवा. फोडणी करताना ओल्या हातानेच डब्यातून चिमूट उचलली जाते. आमच्या घरी निम्मे डबे असेच गेले. दुसरं म्हणजे डबा ओट्यावर अर्धा तास उघडा राहणं. पावसाळी दमट हवेत थंड पानांवर लगेच दव धरतं आणि मग ती ओलीच आत जातात. लाईट चार-पाच तास गेली तरी हेच होतं. अशा वेळी फ्रिज उघडू नका, लाईट आल्यावर थोड्या वेळाने फक्त कागद तपासा.

पानं कोरडी आहेत पण पिवळी पडताहेत, तर शेजारी काय ठेवलंय ते बघा. पिकती केळी, आंबे, टमाटर यांतून एथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने पानं लवकर पिवळी होतात. पिवळी काढून उरलेला सांबार बिनधास्त वापरा. पानं गडद, काचेसारखी आरपार दिसत असतील तर ती गारठली आहेत. डबा बर्फाच्या कप्प्याखालून आणि मागच्या भिंतीपासून हलवा, खालचा भाजीचा ट्रे बरा. नुसता मलूल झालेला सांबार काड्या अर्धा तास पाण्यात उभ्या ठेवल्या की पुन्हा ताठ होतो, पण तो त्याच दिवशी वापरायचा. बुळबुळीत आणि वास मारणारा मात्र निवडत बसू नका, उकिरड्यावर टाका.

मिरचीचं गणित थोडं वेगळं आहे. तिचं साल टिकाऊ असतं, सड धरते ती देठाच्या टोपीजवळ, कारण तिथे पाणी अडकतं. म्हणून कोरड्या मिरचीचा देठ टोपी धरून हळूच पिळून काढा. ओढताना मिरची फाटली तर ती डब्यात घालू नका, तिचा ठेचा त्याच दिवशी करा. लवलेली, डाग पडलेली एकही मिरची आत गेली नाही पाहिजे, ती शेजारणींनाही नेते. कागद घातलेल्या डब्यात अशा मिरच्या दोन आठवडे सहज राहतात. फार थंडी मात्र त्यांना सोसत नाही. सालीवर खळगे पडले आणि आतलं बी तपकिरी झालं तर जागा बदला. देठाकडे पांढरी बुरशी असेल तर ती मिरची फेका.

गोडलिंबाचं झाड बऱ्याच अंगणांत असतं, तिथे साठवायचीच गरज नाही. विकत आणला असेल तर पानं काडीवरून उतरवून, कोरडी करून वेगळ्या लहान डब्यात कागदासह ठेवा. ओल्या पानांवर काळे ठिपके येतात. नुसती सुकलेली पानं फोडणीत चालतात, वास थोडा कमी येतो.

गेल्या मंगळवारचा सांबार आज सोमवारी उघडला. तळाला चार पानं पिवळी होती. काकूंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि मूठभर घेऊन गेल्या, हात पुसून.