कलिंगड आणि खरबुजाची तोडणी : पक्व फळ कसे ओळखावे

कलिंगड वेलीवरून तोडले की त्यातली साखर वाढायची थांबते. घरात ठेवून ते गोड होत नाही. म्हणून तोडणीचा अंदाज चार दिवस चुकला तरी ते फळ फिकेच राहते. लहान फळांच्या जाती फळधारणेपासून साधारण 30 ते 35 दिवसांत आणि मोठ्या फळांच्या 40 ते 45 दिवसांत तयार होतात. थंडी असेल तर आणखी दिवस लागतात. फळ लिंबाएवढे असताना त्या आठवड्याची रंगीत दोरी देठाजवळ सैल बांधून ठेवली, तर पुढे सगळ्या खुणा त्या दिवसांशी ताडून पाहता येतात.

सगळ्यात भरवशाची खूण जमिनीवर टेकलेल्या डागाची. हा डाग कच्च्या फळात पांढरा किंवा फिकट हिरवा असतो. पक्व होताना तो मलईसारखा आणि मग लोण्यासारखा पिवळा होतो. मात्र फळ हलवून पाहण्याची सवय असेल तर डाग नीट बनतच नाही. मल्चिंग पेपरवर तो फिका दिसू शकतो, म्हणून त्याच शेतातल्या इतर फळांच्या डागाशी तुलना करावी. पिवळ्या सालीच्या जातीत या खुणेचा फारसा उपयोग नाही.

दुसरी खूण देठाकडची. देठ जिथे वेलीला मिळतो त्याच पेऱ्यावरची बाळी, म्हणजे वेलीचा कुरळा तंतू, बघावी, शेजारच्या पेऱ्यावरची नव्हे. ती तपकिरी होऊन बुडापर्यंत सुकली पाहिजे. फक्त टोक सुकले असेल तर थांबावे. मर रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने वेल वाळत असेल तर बाळी आधीच सुकते आणि फळ कच्चेच असते.

बोटाच्या टिचकीने फळ वाजवले की कच्चे टणटण वाजते आणि पक्व फळ बदबद असा जड आवाज देते. आवाज फळाचा आकार, सालीची जाडी आणि फळातले पाणी यांवर बदलतो. म्हणून एकाच आकाराची फळे एकाच वेळी वाजवावीत आणि नक्की कच्चे असलेले एक फळ शेजारी ठेवून कान तयार करावा. वजनाचा भरवसा मात्र लोक समजतात तेवढा नाही, कारण कच्चे फळही जड लागते. वजनाचा खरा उपयोग दोष ओळखायला होतो : सारख्या घेराच्या दोन फळांपैकी एक स्पष्ट हलके असेल तर ते आतून पोकळ किंवा जास्त पिकून रवाळ झालेले असण्याची शक्यता असते.

समजा, एका ओळीत 34 दिवसांची तीन फळे आहेत. पहिल्याचा डाग लोण्यासारखा, बाळी बुडापर्यंत सुकलेली, आवाज बदबद : तोडावे. दुसऱ्याची बाळी सुकलेली, पण डाग पांढरा, आवाज टणटण आणि त्या वेलीची पाने करपलेली : इथे बाळी फसवते आहे, डागावर विश्वास ठेवावा. तिसऱ्याचा डाग गर्द पिवळा, आवाज पोकळ आणि फळ हलके : ते लांब पाठवू नये. पहिल्या तोडणीआधी पक्व वाटणारी दोन-तीन फळे उभी कापून मधल्या गराचा रस गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघावा. 10 अंश ब्रिक्सच्या खाली आला तर तीन दिवस थांबून पुन्हा तपासावे. शेवटच्या आठवड्यात पाणी हात राखून द्यावे. एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात आणि गोडी उतरते. भल्या सकाळी फळ पाण्याने ताठ भरलेले असते, म्हणून दव उडाल्यावर कात्रीने तोडावे आणि दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवावा.

खरबुजात चित्र उलटे. इथे आवाज जवळपास निरुपयोगी आहे आणि निर्णय देठच देतो. जाळीदार खरबूज पिकू लागले की देठाभोवती बारीक चीर पडते. ती अर्ध्यापर्यंत गेली की लांबच्या बाजारासाठी तोडणी करावी. पूर्ण गोल फिरली की अंगठ्याने हलके दाबताच देठ सुटतो आणि मागे स्वच्छ खळगा राहतो. असे फळ जवळच विकावे. ओढताना गराचा तुकडा देठाला चिकटून आला तर फळ कच्चे होते. जाळीखालची हिरवी साल पिवळसर होणे आणि देठाच्या विरुद्ध टोकाला सुगंध येणे या जोडीच्या खुणा. मर लागलेल्या वेलीवर देठ अवेळीही सुटतो, तेव्हा त्या वेलीचे एक फळ कापून बघावेच. तोडल्यावर खरबूज मऊ आणि सुवासिक होते, पण गोडी वाढत नाही. उन्हाच्या दिवसांत रोज, निदान एक दिवसाआड फेरी मारावी.

गुळगुळीत सालीच्या काही जातींत देठ सुटतच नाही. तिथे साल हिरवटपणा सोडून मलईच्या रंगाची झाली आणि हाताला मेणासारखी लागली की कात्रीने तोडावे.

पिकणारी खरबुजे आणि कलिंगडे एका बंद खोलीत ठेवू नयेत. खरबुजातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कलिंगडाचा गर लवकर मऊ, पिठूळ होतो.