गोल टिनची कृती आयताकृती टिनमध्ये करताना मिश्रणाचे प्रमाण कसे ठरवावे

कृतीत 8 इंची गोल टिन सांगितलेला असतो आणि घरात मात्र 11 × 7 इंचांचा आयताकृती टिन असतो. अशा वेळी टिनच्या तळाचे क्षेत्रफळ काढावे, कारण केकची जाडी त्यावरच ठरते. ‘अर्धा किलोचा टिन’ ही दुकानातली भाषा इथे फारशी कामाची नाही.

पट्टी टिनच्या आतून लावावी. बाजू तिरप्या असतील, तर माप निम्म्या उंचीवर घ्यावे. गोल टिनसाठी व्यासाच्या निम्म्याचा वर्ग करून त्याला 3.14 ने गुणावे. 8 इंची टिनसाठी 4 × 4 × 3.14 म्हणजे सुमारे 50 चौरस इंच येतात. आयतासाठी 11 × 7, म्हणजे 77. आता नव्या टिनचे क्षेत्रफळ जुन्याच्या क्षेत्रफळाने भागावे. 77 भागिले 50 म्हणजे 1.54, अर्थात दीडपट.

मूळ कृतीत मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी 200 ग्रॅम, अंडी 4 आणि बेकिंग पावडर 2 छोटे चमचे असतील, तर आता तिन्ही जिन्नस 300 ग्रॅम, अंडी 6 आणि बेकिंग पावडर 3 चमचे घ्यावी. वरचे 0.04 सोडून द्यावे. तेवढ्याने जाडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. गुणाकारात साडेचार अंडी आली, तर पाचवे अंडे फेटून, वजन करून त्यातले निम्मेच घालावे.

प्रमाण न वाढवता तेच मिश्रण या टिनमध्ये ओतले, तर थराची जाडी दोन तृतीयांशच राहते आणि कृतीतल्या वेळेपर्यंत केक कोरडा पडतो. उलट दिशेने, म्हणजे आयताची कृती गोल टिनमध्ये करताना, मिश्रण उतू जाऊन ओव्हनच्या कॉइलवर पडते आणि घरभर धूर होतो. म्हणून हिशेब काहीही सांगो, टिन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करावेत. दोन्ही टिनची उंची वेगळी असेल, तर पाण्याने भरून किती कप मावतात ते मोजणे अधिक खात्रीचे, फक्त सुट्या तळाच्या टिनमधून पाणी गळते.

8 इंची गोल आणि 8 इंची चौकोनी टिन सारखेच, हा समज मात्र फसवा आहे. चौकोनीचे क्षेत्रफळ 64 असते आणि त्याच्या जवळ जातो तो 9 इंची गोल टिन.

जाडी सारखी ठेवली की तापमान बदलावे लागत नाही. आयताचे कोपरे मात्र दोन बाजूंनी तापत असल्याने आधी भाजले जातात, म्हणून ठरलेल्या वेळेच्या पाच-सात मिनिटे आधीच सुरी मध्यभागी खुपसून पाहावी. कोपरे कडेपासून सुटून तपकिरी झाले आणि सुरीला अजून ओले मिश्रण लागत असेल, तर वर फॉइल सैलसर झाकून केक पुन्हा आत ठेवावा.